मांडवातून परतल्यावर

खानापूरला मामेबहिणीचं लग्न होतं. साडेनऊला मांडवात पाऊल ठेवलं आणि "कवा आलास रे?" सुरू झालं. मावशीला "आत्ताच की", शेजारच्या काकांच्या कानडी "यावाग बंद्री?"ला "ईग बंदेरी". उत्तर एकच, खरं दर वेळी नव्यानं हसून द्यायचं, आणि आमच्या सीमाभागात भाषाही ऐनवेळी बदलायची.

गंमत म्हणजे तिथं मी मजेत होतो. चारला बेळगावला निघालो तेव्हाही टवटवीत. सातला बायकोनं विचारलं, "भात टाकू की भाकरी?" आणि मला उत्तरच सुचेना.

फिनलंडमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. चारचौघांत मोकळं वागताना माणसाला बरं वाटतं, थकवा साधारण तीन तासांनी येतो. आणि तो बडबड्यांनाही येतो! मग आम्हा अबोलांचंच घोडं का अडतं? मला वाटतं, त्यांना त्या गर्दीतून काहीतरी परत मिळतं. आमचा नुसता खर्च.

खर्च कसला, तर वेळेचं गणित बघा. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि तोंडातून एक शब्द काढायची तयारी करायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर जुळवायचं. जुन्या मित्राबरोबर एकाच विषयावर तासभर बसलं तर हे जाणवत नाही, मध्येच गप्प राहिलं तरी चालतं. मांडवात पाऊस, पगार, पोरांची शाळा असा दोन वाक्यांत विषय पालटतो आणि गप्प बसलं की "बरं न्हाई काय?" हा नवा प्रश्न येतो.

माझा तोडगा म्हणजे पंगतीत वाढायला शिरणं. हातात जिलेबीचं ताट असलं की "घ्या की अजून एक" एवढंच बोलायचं. माणसांत राहायचं, पण वाक्य जुळवायला नको. त्या तासाभरात मी खरा विसावतो.

घरी आल्यावरची चूक मात्र परवापर्यंत करत होतो. पलंगावर आडवं होऊन फोन उघडायचा. तिथं घरच्या ग्रुपवर तेच मांडव, तीच माणसं, पुन्हा अंगठे आणि हात जोडणं. आता फोन दुसऱ्या खोलीत. गरम पाण्यानं अंघोळ, मंद दिवा, आणि त्या रात्री कसलाही निर्णय नाही. भात की भाकरी हे बायकोनं आधीच ठरवलेलं. बहुतेक वेळा सकाळपर्यंत गाडी रुळावर येते. विसाव्यानं जातो तो थकवा. लग्नाच्या आठ दिवस आधीपासूनच छातीत धडधड होत असेल, तर ते दुखणं वेगळं. त्याला डॉक्टर गाठावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला गेलो. काल मांडवभर ज्यांचा आवाज घुमत होता ते काका झाडाखाली एकटेच बसले होते. त्यांनी नुसता हात वर केला. मीही केला आणि पुढं गेलो.