माफीचा चौथा कागद

रात्रीचे साडेदहा. तीन कागद फाडून झालेत.

बाईंना माफीचं पत्र लिहायचंय, चार ओळींचं. फोन केला तर त्या "असू दे गं" म्हणतील आणि विषय संपेल. तो तसा संपायला नकोय मला. का नकोय, तेच कळत नाहीये.

पहिल्या कागदावर होतं: "बाई, काल आईला अचानक कामावर जावं लागलं. छोट्याजवळ कोणी नव्हतं. त्यामुळे मला क्लासला येता आलं नाही. माफ करा." एकही शब्द खोटा नाही. पण वाचून पाहिलं तर चूक आईची, अडचण छोट्याची, आणि मी आपली कुठेतरी मागे, दाराआड. कागद फाडला.

दुसऱ्यावर छोट्याबद्दल जरा जास्तच लिहिलं गेलं. नेहमी मीच का, वगैरे. खरंच, नेहमी मीच का? बाबा इथे असते तर... ते राहू दे.

काल बाई देशकार सुरू करणार होत्या. चार महिने भूप चाललाय. सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. देशकारातही नेमके हेच पाच स्वर. मागच्या वेळी खाली येताना मी धैवतावर रेंगाळले, तशी बाईंनी पेटी थांबवली. "अगं, भूपात मुक्काम गंधारावर. धैवतावर अशी ठाण मांडून बसलीस, तर ऐकणाऱ्याला वाटेल ही देशकारात शिरली." मग म्हणाल्या, गंधारावर विसावणारे दहा आलाप बसवून ये, ते पक्के झाले की देशकार दाखवते.

मी बसवले तीन.

म्हणून आई काल म्हणाली, "आज राहशील का गं त्याच्याजवळ?" तेव्हा मी तोंड पाडलं खरं, पण आतून हुश्श झालं. या हुश्शचं काय करायचं? छोट्याला खरंच कोणीतरी हवं होतं, मी त्याला खरंच सांभाळलं, आणि तरीही हुश्श झालं. पत्रात ते लिहायचं कुठे? आधी लिहिलं तर फार मोठं दिसतं. शेवटी लिहिलं तर लपवल्यासारखं.

आणि फोन. फोन करता आला असता. केला नाही, कारण बाई म्हणाल्या असत्या, "त्यालाही घेऊन ये." एकदा नेलं होतं त्याला. बाई हाताने तीनताल दाखवत होत्या. टाळी पडली की हाही टाळी द्यायचा, ते एक बरं. पण नवव्या मात्रेला, खालीवर, जिथे बाई नुसता हात उलटा करतात, तिथे याने सगळ्यात मोठी टाळी हाणली. दर आवर्तनाला, न चुकता! सगळ्या हसल्या. बाई तर सगळ्यात जास्त. मीच तेवढी सतरंजीचे धागे उपटत बसले होते.

तेव्हा लाज वाटली होती. आता लिहिताना मात्र हसू येतंय. खाली त्याला बरोब्बर सापडत होती की!

काल दुपारी तो काही केल्या झोपेना. मांडीवर घेऊन हळू आवाजात भूपाचा अवरोह म्हणत होते. सां ध प ग रे सा. मी थांबले की तो तळहाताने माझ्या हनुवटीवर चापट मारतो, म्हणजे पुन्हा म्हण. गंधारावर आले की डोळे टक्क उघडे. धैवतावर राहिले की पापण्या जड. मग काय, राहिले धैवतावरच. सां ध, ध प, पुन्हा ध. पाचेक मिनिटांत त्याची मूठ सैल पडली.

तो देशकार होता की बिघडलेला भूप, कोण जाणे. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा आणि मी भर दुपारी गात होते, म्हणजे वेळेच्या हिशेबाने दोन्हीही चूक.

चौथा कागद:

"बाई, मी काल क्लासला आले नाही आणि कळवलंही नाही. दहापैकी तीनच आलाप झाले होते. छोट्याला सांभाळायचं होतं हेही खरं आहे, पण फोन केला असता तर तुम्ही त्याला घेऊन ये म्हणाला असता, म्हणून मी केला नाही. माफ करा. त्याला झोपवताना मी धैवतावर खूप वेळ थांबले. ते काय झालं, ते तुम्हाला म्हणून दाखवायचंय. पुढच्या वेळी छोट्याला आणू का? तो खालीवर टाळी देईल."

शेवटचं वाक्य खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

सात आलाप उरलेत. आत्ता गायले तर छोट्या उठेल.