स्टॉल टाइम ११ सेकंद, स्टार्टिंग टाइम १५: आयडी फॅनच्या मोटरचं रिले सेटिंग, माझा अनुभव

'सेफ स्टॉल टाइम: ११ सेकंद.' मोटर कंपनीच्या डेटाशीटवर एवढंच होतं. हा आकडा गरम मोटरचा की थंड मोटरचा आणि किती व्होल्टेजला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. या एका ओळीपायी आमचं काम किती लांबलं ते आठवलं की अजून चिडचिड होते, म्हणून हे लिहितोय.

मोटर आमच्या कॅप्टिव्ह पॉवर प्लांटच्या आयडी फॅनची. १२५० किलोवॅट, ६.६ केव्ही, फुल लोड करंट १३३ अँपिअर, लॉक्ड रोटर करंट साडेपाच पट, सीटी २००/१. स्टार्टिंग थेट लाइनवर, व्हेन बंद ठेवून. जुना रिले काढून नवा न्यूमरिकल रिले बसवला. वायरिंग, सीटीची पोलॅरिटी, ब्रेकरचं ट्रिप सर्किट हे सगळं बिनबोभाट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पुढे कमिशनिंग एजन्सीने डेटाशीटवरचे ११ सेकंद उचलले आणि थर्मल कर्व्हमध्ये थंड मोटरचा स्टॉल टाइम म्हणून भरले. थंड मोटर सुरू केली. फॅनने वेग घेतला, आवाज चढत गेला आणि तेराव्या सेकंदाला रिलेने ब्रेकर पाडला. त्या क्षणी फॅन जवळजवळ पूर्ण वेगाला आला होता.

रिलेचं चुकलं नव्हतं. रेकॉर्ड काढून पाहिलं तर स्टार्टिंगच्या वेळी बसचं व्होल्टेज ९२ टक्क्यांवर आलं होतं, त्यामुळे करंट साडेपाच पटीऐवजी साधारण पाच पट होता. करंटच्या वर्गाच्या हिशेबाने ११ सेकंदांचे १३ होतात, आणि रिलेने बरोबर १३ ला ट्रिप दिली. मोटरला मात्र पूर्ण वेग घ्यायला त्या व्होल्टेजला १५ सेकंद लागतात. हा आकडा जुन्या रेकॉर्डमध्ये स्वच्छ दिसत होता: करंट पाच पटीवर सपाट चालतो, शेवटच्या दोनेक सेकंदांत धाडकन खाली येतो. स्टार्टिंग टाइम असाच मोजावा. घड्याळ लावून मोजलेला आकडा घेऊ नका, आणि मोजताना बसचं व्होल्टेज टिपून ठेवा, नाहीतर त्या सेकंदांना अर्थ नाही.

ट्रिपनंतर सगळ्यांचा सल्ला एकच: 'वाढवा ना टाइम, २० करा, फॅन उचलतोय की.' मी ठाम नकार दिला, आणि त्याचं कारण इथे नीट मांडतो.

रोटर जाम असताना त्याच्या बारांमध्ये पूर्ण लाइन फ्रिक्वेन्सीचा करंट वाहतो. तो बारच्या वरच्या भागात दाटतो, त्यामुळे रोटरचा रेझिस्टन्स चालू स्थितीपेक्षा कितीतरी जास्त असतो. ढोबळ हिशेबात तिप्पट धरतात. शिवाय रोटर उभा, म्हणजे वारा नाही. अशा वेळी उष्णता कमालीच्या वेगाने साठते. रोटर फिरू लागला की स्लिप कमी होते, रेझिस्टन्स उतरतो, वाराही लागतो. लाइनवरचा करंट मात्र ऐंशी-नव्वद टक्के वेग येईपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे जाम रोटरची पाच पट आणि वेग घेणाऱ्या रोटरची पाच पट यांत रोटरला जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण फक्त करंट पाहणाऱ्या साध्या थर्मल मॉडेलला तो दिसत नाही. म्हणूनच मोठ्या जडत्वाच्या फॅनमध्ये स्टार्टिंग टाइम स्टॉल टाइमपेक्षा जास्त असूनही मोटर सुखरूप राहू शकते. पण नुसता टाइम २० केला असता आणि उद्या बेअरिंग धरून रोटर जाम झाला असता, तर रिले गप्प बसला असता आणि रोटर गेला असता. स्टेटरमधले आरटीडीही इथे कामाचे नाहीत. ते वाइंडिंगचं तापमान सांगतात, तेही सावकाश. रोटरचं काहीच सांगत नाहीत.

तेव्हा कंपनीकडून हवं होतं ते पूर्ण थर्मल लिमिट कर्व्ह. इथून खरा त्रास सुरू झाला. सर्व्हिस ऑफिसला मेल केला: स्टॉल टाइम गरम आणि थंड, दोन्ही द्या, ८० आणि १०० टक्के व्होल्टेजला द्या. उत्तरादाखल तीच डेटाशीट परत आली. पुन्हा विचारलं, तर 'जनरल' कर्व्ह आलं, वेगळ्याच फ्रेमच्या मोटरचं. फोन केला की 'डिझाइनला पाठवलंय'. डिझाइनचा नंबर मागितला की 'थेट बोलता येत नाही'. इकडे मॅनेजमेंटचा रोजचा प्रश्न, फॅन कधी देताय. एका रोटरची किंमत आणि बॉयलर बंद असल्याचं नुकसान समोर दिसत असताना कुणाचं तरी एका ओळीचं उत्तर यावं म्हणून थांबून राहणं, याचा संताप अजून गेलेला नाही.

शेवटी कोंडी फुटली ती नेमप्लेटच्या सिरियल नंबरमुळे. मेलच्या विषयातच सिरियल नंबर आणि मूळ ऑर्डरचा नंबर घातला, नेमप्लेटचा फोटो जोडला आणि मागणी मोजक्या ओळींत लिहिली: गरम आणि थंड स्टॉल टाइम, वेग घेतानाचा थर्मल लिमिट, टॉर्क-स्पीड कर्व्ह, तापण्याचा व थंड होण्याचा टाइम कॉन्स्टंट, आणि स्टार्टिंग टाइम काढताना फॅनचं किती जडत्व धरलं होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. फॅनवाल्याने नंतर इम्पेलर बदलला असेल तर कंपनीचा जुना स्टार्टिंग टाइम खोटा ठरतो. हा मेल फॅक्टरीच्या टेस्टिंग विभागापर्यंत पोचला आणि तिथल्या एका बाईंनी स्वतःहून मूळ फाइलमधलं कर्व्ह स्कॅन करून पाठवलं. त्यांचे मी मनापासून आभार मानले.

कर्व्हमध्ये चित्र स्वच्छ होतं. १०० टक्के व्होल्टेजला स्टॉल टाइम थंड १४ सेकंद आणि गरम ११, म्हणजे डेटाशीटवरचा आकडा गरम मोटरचा होता. वेग घेतानाची मर्यादा गरम स्थितीतही २६ सेकंद. स्टार्टिंग टाइम १०० टक्क्यांना साडेबारा सेकंद, ८० टक्क्यांना २२.

आता कोणी म्हणेल, मग ११ च्या जागी १४ भरा, झालं. करून बघा. ९२ टक्के व्होल्टेजला १४ चे साडेसोळा सेकंद होतात. १५ सेकंदांचं स्टार्टिंग त्यातले ९१ टक्के खातं, म्हणजे थंड मोटर कशीबशी सुटते. पण गरम मोटरचं काय? गरम-थंड गुणोत्तर ११ भागिले १४, म्हणजे ०.७९. फुल लोडवर चाललेल्या मोटरचा थर्मल साठा रिले २१ टक्के धरतो. त्यावर ९१ चढले की ११२. बॉयलर गरम असताना फॅन दुसऱ्या कशाने पडला, तर लगेच सुरूच होणार नाही. गरम मोटरला एक आणि थंडला लागोपाठ दोन स्टार्ट हा तर आयईसी ६००३४-१२ चा नेहमीचा नियम.

हे गुणोत्तर ज्या रिलेत नाही, तिथे हाल आणखी वाईट. साधं एका टाइम कॉन्स्टंटचं सूत्र असं:

```
t = τ · ln[(I² − Ip²) / (I² − k²)]
```

यात I आणि Ip (आधीचा लोड) फुल लोडच्या पटीत. k १.०५ आणि थंड स्टॉल १४ सेकंद धरून τ काढला तर साधारण ३७७ सेकंद येतो. तोच τ ठेवून आधीचा लोड १०० टक्के धरा: साडेपाच पट करंटला ट्रिप जेमतेम १.३ सेकंदांत. म्हणून रिले घेतानाच आधीच्या लोडचं वजन कमी करायची सोय आहे का, ते विचारा.

आम्ही जाम रोटरचं संरक्षण थर्मलमधून बाहेर काढलं आणि स्पीड स्विच लावला. मोटरच्या नॉन-ड्राइव्ह टोकाला दातेरी चकती, समोर प्रॉक्सिमिटी पिकअप, १० टक्के वेगाला कॉन्टॅक्ट बंद. लॉक्ड रोटर एलिमेंट ३ पट करंटला आणि ८ सेकंदांना लावलं. ८० टक्के व्होल्टेजलाही जाम रोटर ४.४ पट घेतो, त्यामुळे ३ पट सहज पिकअप होतं, आणि ८ हे गरम स्टॉलच्या ११ च्या आत आहेत. कॉन्टॅक्ट आला की हे एलिमेंट ब्लॉक. कमी व्होल्टेजलाही फॅन तीन-चार सेकंदांत १० टक्के गाठतो.

त्यानंतरच थर्मलचा थंड टाइम २० सेकंद केला, कारण आता त्याची तुलना वेग घेण्याच्या २६ सेकंदांशी होती. ९२ टक्के व्होल्टेजला २० चे साडेतेवीस होतात, स्टार्टिंग ६४ टक्के खातं, गरम मोटरला एकूण ८५. ८० टक्के व्होल्टेजला हिशेब ९१-९२ वर जातो, तरी सुटतो. लाँग स्टार्ट टाइमर २५ सेकंद: ८० टक्क्यांच्या २२ वर थोडी मोकळीक. थर्मल पिकअप १.०५ पट. थांबलेल्या मोटरचा थंड होण्याचा टाइम कॉन्स्टंट चालू मोटरपेक्षा बराच मोठा द्यावा लागतो, कारण पंखाच थांबलेला असतो. तो कंपनीच्या कागदावरून घ्या, रिलेच्या डिफॉल्टवरून नको.

मधेच आठवलं ते सांगतो. चालू असताना जाम होण्याचं एलिमेंट वेगळं असतं. अनेक जण ते दोन पट, दोन सेकंद लावतात. आमच्याकडे बस ट्रान्सफर झाली की सगळ्या मोटरी पुन्हा वेग घेतात आणि तीनेक सेकंद करंट चढलेला राहतो. म्हणून आम्ही ५ सेकंद ठेवले. तुमच्या बसचं रेकॉर्ड बघूनच हा आकडा ठरवा.

टेस्टिंगला सेकंडरी इंजेक्शनने ३.६६ अँपिअर दिले, म्हणजे साडेपाच पट. स्पीड कॉन्टॅक्ट उघडा ठेवून ८ सेकंदांना ट्रिप, कॉन्टॅक्ट शॉर्ट करून लॉक्ड रोटर गप्प आणि थर्मल विसाव्या सेकंदाच्या आसपास. दोन्ही पाहिल्याशिवाय सही करू नका. नंतर फॅन लोडवर चालवून मुद्दाम बंद केला, पूर्ण थांबू दिला आणि गरमच सुरू केला. स्क्रीनवर थर्मलचा आकडा २० च्या आसपासून चढत ८२ वर थांबला आणि करंट खाली आला. त्या वेळी जो सुटकेचा श्वास टाकला तो मलाच ऐकू आला.

स्पीड स्विचची वायर तुटली तर पुढच्या स्टार्टला ८ सेकंदांत ट्रिप येते. ती सुरक्षित बाजू आहे, ओरडा झाला तरी चालेल. धोका उलट्या बाजूला आहे: कॉन्टॅक्ट चिकटून बंदच राहिला तर जाम रोटरला कोणीच वाली नाही. म्हणून मोटर उभी असताना कॉन्टॅक्ट उघडा असल्याशिवाय ब्रेकर क्लोज होणार नाही, अशी अट स्टार्ट परमिसिव्हमध्ये घातली आहे, आणि ओव्हरहॉलच्या यादीत पिकअप व चकतीमधलं अंतर फीलर गेजने तपासायची ओळ वाढवली आहे.