संध्याकाळीच ट्रिप होणारी बोअरची मोटर

आमची बोअरची सबमर्सिबल दीड एचपीची, सिंगल फेज. पहाटे तासभर बिनतक्रार चालायची. संध्याकाळी सात वाजले, गल्लीतले दिवे-पंखे लागले, की दहा मिनिटांत ओव्हरलोड पडायचा. पॅनेलवरचा अँपिअर मीटर पहाटे ९ दाखवायचा, संध्याकाळी ११. व्होल्टेज उतरलं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटर करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग तापतं.

दुकानदार म्हणाला, "स्टॅबिलायझर लावून टाका." आमचे वायरमनकाका म्हणाले, "थांबा, आधी दोन्हीकडचं व्होल्टेज बघू." संध्याकाळी मोटर चालू ठेवून त्यांनी मीटरपाशी मोजलं, १८८ भरलं. मागच्या अंगणातल्या पॅनेलवर १७२! सोळा व्होल्ट आमच्याच वायरीत जिरत होते. मीटरपासून पॅनेलपर्यंत साठ मीटर तांब्याची वायर होती, पण दीड स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन एकशेवीस मीटर झाली, म्हणजे जवळपास दीड ओहम, आणि त्यातून ११ अँपिअर. हिशेब बरोबर जुळला. मेन स्विच बंद करून पॅनेल उघडलं, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि त्याच्याजवळचं इन्सुलेशन काळं पडलेलं.

इथे स्टॅबिलायझर आधी लावला असता तर वायर आणखी तापली असती. तो व्होल्टेज वाढवून देतो, पण त्यासाठी मागच्या लाइनीतून जास्त करंट ओढतो. म्हणून आधी चार स्क्वेअर एमएमची वायर ओढली आणि टोकांना लग दाबून घेतले. वायरीतली घट पाच-सहा व्होल्टवर आली. मग पॅनेलशेजारी पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवला. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे दोन-तीन केव्हीएचा तिथेच मान टाकतो. आता पॅनेलला २१५ च्या आसपास मिळतात आणि काटा ९ वर स्थिर राहतो.

ड्राय रनचा धोका मात्र वेगळाच. मे महिन्यात बोअरची पातळी खाली गेली, नळातून हवा फुसफुसायला लागली आणि काटा साडेपाचवर उतरला. ओव्हरलोड इथे पडत नाही, कारण करंट वाढत नाही, कमी होतो. सबमर्सिबलला थंड ठेवणारं पाणी अंगावरून वाहायचं थांबलं की मोटर आतून भाजते, आणि पॅनेलवर सगळं ठीकच दिसतं. म्हणून कमी करंटवर बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर बसवला. तो सात अँपिअरवर लावलाय. बंद पडल्यावर चाळीस मिनिटांनी पुन्हा सुरू करतो, तेवढ्यात बोअरमध्ये पाणी भरतं. व्होल्टेज वरखाली होत असताना त्याचं सेटिंग जमत नव्हतं, कारण काटाच स्थिर नसायचा. ते स्टॅबिलायझरनंतरच जमलं.

डीपीवरचा लोड आहे तसाच आहे. व्होल्टेज १५० खाली गेलं की स्टॅबिलायझरच कट करतो. त्या दिवसांत टाकी पहाटेच भरून घेतो.