साडेचार पाने आणि दोन मिनिटे

व्याख्यानाच्या तीन दिवस आधी कार्यवाहांनी माझ्या हातात साडेचार पाने ठेवली आणि म्हणाले, "वक्त्यांचा परिचय तुम्हीच करून द्यायचा आहे. फार नको, दोन मिनिटे पुरेत." पाने बारीक टंकात, ओळींमध्ये फारसे अंतर न सोडता छापलेली होती. वक्ते वनस्पतिशास्त्रज्ञ, वय ८१, आणि व्याख्यानाचा विषय गवत. पदव्या, पदे, पुरस्कार, शिष्यवृत्त्या, मानद सदस्यत्वे, समित्या आणि संपादक मंडळे अशा क्रमाने त्या पानांवर एकूण ९४ नोंदी होत्या. मी त्या मोजल्या, कारण कामाचे आकारमान कळले की निदान धास्तीला एक आकडा मिळतो.

मग खोलीचे दार लावून, घड्याळ समोर ठेवून मी ती पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. चौदा मिनिटे लागली. मनातल्या मनात वाचताना हाच मजकूर पाचएक मिनिटांत संपला होता, आणि अनेक परिचयकर्ते इथेच फसतात. संस्थांची नावे लांबलचक असतात, त्यांत सहा-सहा शब्द असतात, आणि सभेत ती घाईने उच्चारली तर अपमान केल्यासारखे वाटते. त्यामुळे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जाता येत नाही. व्याख्यान पंचेचाळीस मिनिटांचे होते. म्हणजे यादी जशीच्या तशी वाचली असती, तर वक्त्यांच्या वेळेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मी त्यांच्याच गौरवार्थ खाल्ला असता.

हे घडताना मी पूर्वी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी आरंभीच "यांचा परिचय करून देणे म्हणजे सूर्यापुढे काजवा धरणे" असे सांगितले आणि त्यानंतर तो काजवा बारा मिनिटे लुकलुकत राहिला. चौथ्या-पाचव्या पुरस्कारानंतर श्रोत्यांनी पुरस्कार ऐकणे सोडले आणि वाचणाऱ्याच्या हातात अजून किती पाने उरली आहेत, याकडे लक्ष वळवले. पान उलटल्याचा आवाज माईकमधून येई, तेव्हा सभागृहात एक आशा पसरे आणि पुढचे पान दिसताच मावळे. वक्ते व्यासपीठावर बसून आपली नखे निरखत होते. त्या बिचाऱ्यांना दुसरे करता तरी काय येणार? स्तुती चालू असताना हसावे तर आत्मसंतुष्ट वाटते, गंभीर राहावे तर ती स्तुती अपुरी वाटत असल्याचा संशय येतो. शेवटी यादीतल्या "सध्या या संस्थेचे अध्यक्ष आहेत" या वाक्यापाशी पहिल्या रांगेत कुजबुज झाली, कारण बायोडाटा पाच वर्षांपूर्वीचा होता आणि त्या संस्थेचे सध्याचे अध्यक्ष त्याच रांगेत बसले होते. वक्ते उठले, तेव्हा वेळेअभावी आपण मधला भाग गाळत असल्याचे त्यांनी सांगितले. तो मधला भाग ऐकण्यासाठीच मी गेलो होतो.

यादी हा प्रकार मुळात डोळ्यांसाठी आहे. डोळा तिच्यावरून भराभर फिरतो, नको ते ओलांडतो, ओळखीच्या नावापाशी थबकतो, पुन्हा वर जातो. कानाला यातले काहीच जमत नाही. जे ज्या क्रमाने येईल ते त्याच क्रमाने त्याला सोसावे लागते. त्यामुळे ९४ नोंदी वाचून दाखवल्या, तर श्रोत्याच्या मनात ९४ गोष्टी राहत नाहीत, केवळ "पुष्कळ" एवढा एकच शब्द राहतो. तो तर मला एका सेकंदात सांगता आला असता.

मी पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या फेरीत एकीत दुसरी आपोआप सामावलेली असलेल्या नोंदी गेल्या. जे विद्यापीठात अधिष्ठाता होते, ते त्याआधी विभागप्रमुख, प्राध्यापक आणि अधिव्याख्याता होते, हे श्रोत्यांना सांगण्याची गरज नसते. दुसऱ्या फेरीत समित्या गेल्या. समितीवर असणे हे बहुधा कर्तृत्वापेक्षा सहनशीलतेचे प्रमाण असते, आणि त्यांच्याबरोबर चौतीस नोंदी एकदम उडाल्या. पुरस्कारांपाशी मात्र हात अडखळला. "अनेक मानाच्या पुरस्कारांनी सन्मानित" असे लिहून मोकळे होण्याचा मोह झाला, पण ते वाक्य कोणाच्याही परिचयात चालते, म्हणून ते कोणाचाच परिचय करून देत नाही. एकच पुरस्कार नावानिशी घ्यावा असे मी ठरवले. तो कोणता, हा प्रश्न उरलाच. सर्वांत मोठ्या रकमेचा किंवा सर्वांत गाजलेला घ्यावा असे आयोजकांना वाटत होते. माझ्या मते ज्यांना त्या माणसाचे काम तपासता येते, अशा समव्यवसायींनी दिलेला पुरस्कार घ्यावा. गवताच्या अभ्यासकांनी गवताच्या अभ्यासकाला दिलेल्या साध्या पदकाला वेगळे वजन असते.

नावाआधी काय लावायचे, हेही पाहावे लागते. यांची एक डॉक्टरेट संशोधनाची आणि तीन मानद होत्या. मानद डॉक्टरेटच्या आधारे नावाआधी 'डॉक्टर' लावू नये, असा अनेक विद्यापीठांचा संकेत आहे, आणि मिळवलेली पदवी एक असो वा दोन, 'डॉक्टर' हा शब्द एकदाच उच्चारायचा असतो. आपल्याकडे पद्म पुरस्कारांची गल्लत तर नेहमीच होते. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले आहेत. हे पुरस्कार किताब नव्हेत आणि ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तरीही सभांमधून ते बिरुदासारखे नावाआधी लावले जातातच. पुरस्कार मिळाला असे स्वतंत्र वाक्यात सांगितले, की प्रश्नच उरत नाही.

तीन फेऱ्यांनंतरही एकोणीस नोंदी शिल्लक होत्या आणि वेळ चार मिनिटांवर अडकला होता. तेव्हा मला थॉमस जेफरसन आठवले. आपल्या थडग्यावर काय कोरावे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक, व्हर्जिनियातील धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचे कर्ते आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे जनक, एवढेच असावे आणि याहून एक शब्दही अधिक नसावा, अशी त्यांची सूचना होती. १८०१ ते १८०९ अशी आठ वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. ते पद त्या यादीत नाही. आता हे गाळणे दुसऱ्या कोणी केले असते, तर केवढा गहजब झाला असता! अध्यक्षपद गाळण्याचा अधिकार फक्त जेफरसन यांनाच होता. माझ्याही हातात जी पेन्सिल होती, ती खरे तर दुसऱ्याची होती.

म्हणून मी वक्त्यांना दूरध्वनी केला. "सर, तुमची यादी फार मोठी आहे. यातले काय सांगितलेले तुम्हाला आवडेल?" असा प्रश्न विचारायला मी घाबरत होतो, पण ते हसले. "ती यादी माझ्या विद्यार्थ्याने केली आहे, मी अजून पूर्ण वाचलेली नाही," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "त्यात वनस्पतिसंग्रहालयाचे काही आहे का?"

होते. चौथ्या पानाच्या तळाशी, 'इतर' या मथळ्याखाली: गवतांच्या नमुन्यांची फेरतपासणी. मी ती नोंद पहिल्याच फेरीत खोडली होती.

ते काय काम असते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. वनस्पती दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवलेली असते आणि कागदाच्या कोपऱ्यात तिचे नाव, ती सापडल्याची जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. गवतांची ओळख पटवण्यात चुका फार होतात, कारण सगळा फरक त्यांच्या इवल्याशा कणिशिकांत असतो आणि त्या भिंगाखाली उलगडून पाहाव्या लागतात. एका संग्रहालयातले नऊ हजार नमुने त्यांनी असे एकेक करून पाहिले होते. चूक सापडली, की तपासणारा नवी छोटी चिठ्ठी चिकटवतो आणि तिच्यावर बरोबर नाव, आपले नाव व साल लिहितो. "आणि जुनी चिठ्ठी?" मी विचारले. "ती काढायची नाही, खोडायचीही नाही. आधीच्या माणसाला काय वाटले होते, तेही पुढच्याला कळले पाहिजे," ते म्हणाले.

त्या रात्री परिचय अर्ध्या तासात लिहून झाला. विद्यापीठातले पद एका वाक्यात, समव्यवसायींचे ते पदक दुसऱ्या वाक्यात, आणि उरलेले सगळे त्या नऊ हजार कागदांविषयी. अकरा वर्षे हा माणूस भिंग घेऊन इतरांनी दिलेली नावे तपासत बसला होता आणि आज तो गवताविषयी बोलणार होता. परिचयाचे हेच तर काम असते. हा विषय याच माणसाकडून का ऐकायचा, एवढे श्रोत्यांना कळले, की पुढचे त्यांचे ते ऐकतात. मोठ्याने वाचून पाहिले, तर एक मिनिट पन्नास सेकंद झाले. वक्त्यांचे पूर्ण नाव मी अगदी शेवटी ठेवले, म्हणजे टाळ्या पडतील त्या त्यांच्या नावावर, आणि मला लगेच माईकपासून बाजूला होता येईल. साडेचार पानांची यादी मात्र वाया गेली नाही. तिच्या प्रती काढून आम्ही सभागृहाच्या दाराशी ठेवल्या. ज्यांना हवी होती त्यांनी नेली आणि सवडीने डोळ्यांनी वाचली.

तरी एक तक्रार आलीच. ज्यांनी ती यादी केली होती, ते विद्यार्थी, स्वतः आता साठीला आलेले, मध्यंतरात माझ्याकडे आले आणि सरांच्या तिन्ही अकादमींचा उल्लेख राहून गेल्याचे त्यांनी खेदाने सांगितले. मी दिलगिरी व्यक्त केली, आणि ती खोटी नव्हती. गुरूची यादी करणाऱ्याने एकेक ओळ जपून गोळा केलेली असते, आणि तिच्यावर परक्याची पेन्सिल फिरलेली पाहणे त्याला सुखाचे कसे वाटेल?

व्याख्यान संपल्यावर वक्त्यांनी माझ्या परिचयाचा कागद मागून घेतला. मी संकोचाने दिला, कारण त्यावर माझी खाडाखोड होती. त्यांनी तो चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून वाचला. मग खिशातून पेन काढले आणि 'अकरा वर्षे' या शब्दांशेजारी समासात बारीक अक्षरांत लिहिले, 'बारा'. त्याखाली आपले नाव घातले आणि साल टाकले. माझे 'अकरा' त्यांनी खोडले नाही.