आमची वाटचाल: त्या आठ बेअरिंगांचं काय?

आम्ही दोघी आधी प्रबंधांचं मुद्रितशोधन करायचो. एक टेबल, दोन खुर्च्या आणि लाल पेनांचा डबा, एवढाच पसारा. प्रबंध लिहिणाऱ्यांची धाकटी भावंडं पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज भरू लागली आणि त्यांचे एसओपी, म्हणजे प्रवेशासाठीची हेतुपत्रं, आमच्याकडे यायला लागली. भाषा सुधारून द्यायची, एवढंच काम आहे असं आम्हाला वाटलं होतं. पहिली दोन वर्षं आम्ही तेवढंच केलं, आणि त्यातलं बरंचसं चुकीचं केलं.

घोडं अडायचं ते ‘अ‍ॅकॅडमिक इंटरेस्ट्स’च्या परिच्छेदापाशी. पदवी एका विषयात, अर्ज दुसऱ्याच विषयाला आणि मार्कशीटवर त्या विषयाचा जेमतेम एक कोर्स. तेव्हा आम्ही ओढूनताणून नातं जोडायचो. उष्मावहनाच्या पेपरातली समीकरणं ‘संख्यात्मक विचाराचा पाया’ व्हायची. त्यापुढे विभागाच्या पानावरून उचललेली चार उपशाखांची नावं यायची. एका मुलाच्या परिच्छेदात आम्ही कार्यकारणभावाच्या संख्याशास्त्राबद्दल एक झकास वाक्य घातलं. मुलाखतीत त्याला पहिलाच प्रश्न त्या वाक्यावर आला. वाक्य आमचं होतं, त्यामुळे तो गप्प बसला. त्याने आम्हाला दोष दिला नाही, पण त्या दिवसापासून अर्जदाराच्या तोंडचं नसलेलं एकही वाक्य आम्ही घालत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जाऊ देत.

खरं शिकवलं ते एका यांत्रिकी अभियंता मुलीने. तिला बायोस्टॅटिस्टिक्सला, म्हणजे आरोग्य आणि वैद्यकातल्या संख्याशास्त्राला, अर्ज करायचा होता. संख्याशास्त्राचा तिने एकच कोर्स केला होता, तिसऱ्या वर्षाला. तिचा मसुदा नऊ वाक्यांचा होता. आमच्याकडे एक साधी रीत आहे: जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही अर्जदाराला जसंच्या तसं वापरता येईल, त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची. नवांपैकी सात वाक्यांखाली रेघा आल्या. ‘लहानपणापासून आकड्यांची ओढ’ होती, जिनोमिक्स होतं, मशीन लर्निंग होतं. आठवं वाक्य माफीचं होतं: ‘या क्षेत्रातले कोर्स मी फारसे केलेले नसले तरी…’ तिने नुसतीच मान खाली घातली.

माफीचं सोडलं तर रेघ न आलेलं एकच वाक्य उरलं. ती नोकरीत बेअरिंगांच्या आयुष्याच्या चाचण्या करत होती.

“चाचणीत नेमकं करतेस काय?” मी विचारलं.

“ताई, वीस नग लावतो, पाचशे तास फिरवतो. बारा बिघडली. त्यांची सरासरी तीनशे दहा तास आली, तीच अहवालात गेली.”

“आणि उरलेली आठ?”

“तेच तर! मी साहेबांना विचारलं. म्हणाले, जी बिघडलीच नाहीत ती मोजायची कशी?”

इथे तिचा आवाज बदलला. आठांपैकी 5 बेअरिंगं 500 तास पूर्ण करून चालूच होती, म्हणजे 310 हा आकडा उघडच कमी होता, कारण सगळ्यात टिकाऊ नगच हिशेबातून गळले होते. हे सुटेना म्हणून तिने शोधाशोध केली आणि कॅप्लन व मायर यांच्या 1958 च्या निबंधापर्यंत पोहोचली. नोंद अर्धवट राहिलेले नग फेकून न देता, ते जितका वेळ पाहिले तितका वेळ हिशेबात धरायचे, ही त्यातली पद्धत. तिने घरी बसून त्याच चाचणीचा आलेख या पद्धतीने काढला होता. पण उरलेले 3 नग आवाज यायला लागल्यामुळे कामगाराने आधीच काढले होते, आणि ते तिला छळत होते. काढलेल्या नगाचा पुढचा धोका चालू असलेल्या नगाइतकाच आहे, असं ही पद्धत धरून चालते. आवाज करणारं बेअरिंग तसं नसतंच. ते बिघडायच्या बेतात असतं.

हे सगळं तिच्या मसुद्यात कुठेच नव्हतं. का, तर ‘हे काही कोर्समधलं नाही’. बायोस्टॅटिस्टिक्सवाल्यांना मात्र हा पेच रोजचा: पाहणीतला रुग्ण प्रकृती ढासळली म्हणून यायचं थांबवतो, आणि कागदावर तो फक्त ‘संपर्क तुटला’ एवढाच दिसतो.

तिने परिच्छेद परत लिहिला. मराठीत त्याचा सारांश असा:

“20 बेअरिंगांच्या चाचणीत 12 बिघडली, 5 शेवटपर्यंत चालली आणि 3 आवाजामुळे आधीच काढली. अहवालातली सरासरी फक्त 12 नगांची होती. उरलेल्या 8 नोंदी कशा वापराव्यात हे शोधताना मी कॅप्लन-मायर पद्धत शिकले आणि तिने त्या चाचणीचा आलेख काढला. 5 नग त्यात बसले, 3 बसले नाहीत, कारण त्यांना काढण्याचं कारणच बिघाडाशी जोडलेलं होतं. पाहणी सोडून जाणाऱ्या रुग्णांबाबतही हाच प्रश्न येतो. अशा अपुऱ्या नोंदींवरून कितपत बोलता येतं, हे मला अभ्यासायचं आहे. मी संख्याशास्त्राचा एकच कोर्स केला आहे. पद्धत मी वापरू शकते, पण ती कुठे आणि का मोडते हे सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी मला अनुमानाचा सिद्धांत पद्धतशीर शिकायचा आहे.”

कोर्स कमी असल्याचं तिने लपवलं नाही. लपणारही नव्हतं, कारण तपासणाऱ्याच्या हातात मार्कशीट असतेच आणि परिच्छेद तिच्याशी ताडून पाहिला जातो. पण आता ते वाक्य माफीचं न राहता पुढे काय शिकायचं याचं कारण झालं. ‘अशा अपुऱ्या नोंदींवरून…’ हे वाक्य मुद्दाम थोडं सैल ठेवलं. ती आधी फक्त ‘आवाज करणाऱ्या 3 नगांवर’च अडून बसली होती. पण संशोधनापेक्षा कोर्सवर भर असलेल्या मास्टर्सच्या अर्जात इतका अरुंद प्रश्न अंगाशी येतो. विभागात त्यावर काम करणारं कोणी नसेल तर वाचणारा म्हणतो, हिला आपल्याकडे काय मिळणार? म्हणून प्रश्नापेक्षा एक पायरी रुंद रुची लिहायची. पीएचडीच्या अर्जात हाच प्रश्न तिने नेमका ठेवला असता तरी चाललं असतं, मात्र त्या विषयावर अलीकडे लिहिणारं कोणी तिथे आहे का, हे आधी पाहून.

एक गोष्ट मात्र परिच्छेदाने भरून निघत नाही. या शाखेच्या पुष्कळ विभागांना बहुचल कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित आधी झालेलं लागतं. तिच्या अभियांत्रिकीत दोन्ही होतं. नसतं, तर आम्ही तिला आधी ते कोर्स करायला पाठवलं असतं आणि परिच्छेदाला हातच लावला नसता.

त्यानंतर आम्ही आमचा प्रश्नांचा कागद बदलला. पूर्वी वर ‘संबंधित विषयांची यादी’ असायची. आता पहिला प्रश्न आहे: कुठला हिशेब, कुठली नोंद किंवा कुठलं उत्तर पटलं नाही, आणि मग तुम्ही काय केलंत? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. पहिला भाग सगळेच भरतात.

गेल्या महिन्यात एकजण आला, इतिहासाचा पदवीधर, डेटा सायन्सला जायचं म्हणत. दुसऱ्या भागाची जागा कोरी. मी विचारलं, जुनी जनगणना किंवा एखादी नोंदवही उघडून दोन तक्ते तरी जुळवून पाहिलेत का? नाही म्हणाला. चार आठवडे घ्या, ते करा आणि मग या, असं सांगून पैसे न घेता परत पाठवलं. अजून आलेला नाही. माझी भागीदार म्हणते, तू गिऱ्हाइकं पळवून लावतेस. त्याचा कागद मी अजून ट्रेमध्ये वरच ठेवला आहे.