एकूण श्रेणीचा रकाना आणि माझे तीन आठवडे

मनुष्यबळ विभागात रुजू झाल्यावर वार्षिक कार्यमूल्यमापनाची पहिली संपूर्ण फेरी माझ्याकडे आली, तेव्हा पाठ्यपुस्तकातील सर्व पद्धती मला तोंडपाठ होत्या. निकष ठरवणे, विभागप्रमुखांना पत्रके पाठवणे, कर्मचाऱ्यांची स्वमूल्यांकने गोळा करणे ही कामे विनासायास पार पडली. अडले ते एकाच विभागाच्या एका पत्रकापाशी, आणि तिथे माझे तीन आठवडे गेले. त्यातला निम्मा दोष पत्रकाच्या रचनेचा होता, हे आजही चीड आणणारे आहे.

त्या विभागात बारा कर्मचारी होते. अचूकता, मुदतीत पूर्तता, वक्तशीरपणा, सहकार्य, नोंदींची व्यवस्था आणि पुढाकार अशा सहा निकषांवर प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे होते. भरून आलेल्या बारा ओळींपैकी आठ ओळींमध्ये सहाही रकान्यांत एकच आकडा होता आणि उरलेल्या चार ओळींमध्ये फरक होता तो केवळ एका गुणाचा. एका कर्मचाऱ्याला, त्याला आपण 'अ' म्हणू, सगळीकडे पाच होते. 'ब' या कर्मचारी महिलेला सगळीकडे दोन होते. एका ठळक गुणाची छाप बाकीच्या सर्व निकषांवर पसरते तो हॅलो इफेक्ट आणि एका उणिवेची छाप पसरते तो हॉर्न इफेक्ट, ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती. दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी प्रथमच पाहत होते.

मात्र सारखे आकडे दिसले म्हणजे चूक सिद्ध झाली, असे नसते. काही माणसे खरोखरच बहुतेक बाबतींत चांगली असतात आणि काही निकष मुळातच एकमेकांशी जोडलेले असतात. अचूक काम करणाऱ्याच्या नोंदीही बहुधा व्यवस्थित असतात. विभागप्रमुखांनी नेमका हाच मुद्दा मांडला : "अहो मॅडम, चांगला माणूस सगळीकडे चांगलाच असतो." त्यांचे म्हणणे खोडायचे, तर मूल्यमापकाच्या मतावर अवलंबून नसलेली एखादी नोंद हाताशी हवी होती. ती वक्तशीरपणाच्या निकषासाठी उपलब्ध होती. हजेरीपटानुसार 'अ' सहा महिन्यांत चौदा दिवस उशिरा आला होता आणि 'ब' एकही दिवस नाही. तरीही वक्तशीरपणाचे गुण अनुक्रमे पाच आणि दोन. जिथे पडताळा शक्य होता तिथेच गुण वस्तुस्थितीच्या नेमके उलटे होते, तेव्हा पडताळा नसलेल्या रकान्यांवर विश्वास ठेवणे कठीण होते. विद्यार्थ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी : पत्रकात किमान एक निकष असा असावा, ज्याची स्वतंत्र नोंद ठेवली जाते.

यानंतरची चूक माझी. मी विभागप्रमुखांना हॅलो इफेक्टवर दोन पानांचे टिपण पाठवले आणि सर्व निकषांना सारखे गुण देणे टाळावे, असे त्यात ठळकपणे लिहिले. चार दिवसांनी आलेल्या पत्रकात एकाही ओळीत सहा सारखे आकडे नव्हते, आणि मला अर्धा दिवस स्वतःचा अभिमान वाटला. मग मी 'अ'ची ओळ नीट वाचली. वक्तशीरपणाचे पाच गुण तसेच होते, आणि ज्या सहकार्यात तो खरोखर उजवा होता तिथे तीन केले होते. विचारल्यावर उत्तर मिळाले, "तुम्हाला वेगवेगळे आकडे हवे होते ना?" त्यांचे बरोबर होते, मी तेवढेच मागितले होते. बर्नार्डिन आणि पेन्स यांनी 1980 मध्ये हेच दाखवले होते की, मूल्यमापकांना केवळ चुका टाळण्याचे प्रशिक्षण दिले तर हॅलो आणि सढळपणा कमी झालेले दिसतात, पण गुणांची अचूकताही घटते. तो निष्कर्ष मी वाचलेला होता आणि तरीही ते टिपण पाठवले होते.

आता पत्रकाविषयी. ते संगणकावर भरायचे होते आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पानावर पहिलाच रकाना होता 'एकूण श्रेणी'. तो भरल्याशिवाय पुढचे सहा निकष उघडतच नसत. म्हणजे माणसाविषयीचे सरसकट मत आधी नोंदवायचे आणि मग त्याला शोभतील असे तपशील जुळवायचे, अशी सक्तीच होती. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांच्या मूल्यांकनांत हेच पाहिले होते : शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या वेगवेगळ्या गुणांचे आकडे एकमेकांशी नको तितके मिळतेजुळते होते, कारण वरिष्ठ आधी माणूस चांगला की वाईट हे ठरवत होते. आमच्या पत्रकाने ती मानवी खोड थेट नियमात बसवली होती. एकूण श्रेणी शेवटी न्यावी, अशी विनंती मी मुख्य कार्यालयाला केली. पहिल्या आठवड्यात पोच आली नाही, दुसऱ्या आठवड्यात विनंती विहित नमुन्यात नसल्याचे कळले आणि तिसऱ्या आठवड्यात नमुना मंजूर असल्याने चालू वर्षात बदल शक्य नसल्याचे एका ओळीचे उत्तर आले. तोपर्यंत मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

शेवटी मी कागदाकडे वळले. सहा निकषांचे सहा कागद केले आणि प्रत्येकावर बारा नावे निरनिराळ्या क्रमाने लिहिली. विभागप्रमुखांनी एका बैठकीत एकच निकष घ्यायचा, सर्व बारा जणांना त्यावर गुण द्यायचे आणि तो कागद माझ्याकडे देऊनच पुढचा घ्यायचा, असे ठरले. माणसानुसार न जाता निकषानुसार गेल्यामुळे 'अ'विषयीचे मत एका रकान्यातून दुसऱ्यात वाहून जायला वाट उरली नाही. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर दोन, तीन आणि पाच गुणांचे वर्तन कसे दिसते, हे एकेका वाक्यात लिहिले होते. पुढाकारासाठी तीन म्हणजे सांगितल्यावर उपाय सुचवतो आणि पाच म्हणजे न सांगता अडचण हेरून उपाय अमलात आणतो, असे. वर्तनाधिष्ठित मापनश्रेणीचे हे अगदी घरगुती रूप. खरी श्रेणी तयार करण्यासाठी प्रत्यक्ष प्रसंग गोळा करून अनेक जाणकारांकडून त्यांची क्रमवारी लावून घ्यावी लागते आणि त्याला महिने लागतात.

नव्या गुणांत 'अ'ला अनुक्रमे चार, चार, दोन, पाच, तीन, पाच म्हणजे तेवीस मिळाले आणि 'ब'ला पाच, चार, पाच, तीन, पाच, दोन म्हणजे चोवीस. आधी हेच आकडे तीस आणि बारा होते. 'ब' बैठकीत बोलत नसे, एवढेच तिच्याविरुद्ध होते, आणि तो दोष पुढाकाराच्या रकान्यात दोन गुणांच्या रूपाने आता योग्य जागी बसला होता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : गुण देण्यापूर्वी विभागप्रमुखांना वर्षभराच्या तारखांसह प्रसंग लिहायला सांगा. आमच्याकडे लिहिलेले जवळजवळ सर्व प्रसंग शेवटच्या दोन महिन्यांतले निघाले. निकषानुसार गुण देण्याने या अलीकडच्या काळाच्या छापेवर काहीच उपाय होत नाही. त्यासाठी नोंदवही वर्षाच्या सुरुवातीपासूनच ठेवावी लागते, आणि ती आमच्याकडे नव्हती.

पत्रक संगणकावर चढवताना एकूण श्रेणीच्या रकान्यात मी आधी तात्पुरता तीन टाकला, निकषांचे गुण भरले आणि मग मागे जाऊन श्रेणी दुरुस्त केली. हे बाराही जणांसाठी करावे लागले. पुढच्या वर्षी तो रकाना शेवटी आला. पान मात्र अजूनही एका वेळी एकाच कर्मचाऱ्याचे उघडते, त्यामुळे सहा कागद मी जपून ठेवले आहेत.