साठ म्हणजे नक्की किती?

‘माझी वहिनी पुण्यात दहा वर्षं गाडी चालवत होती. इथे इंग्लंडमध्ये मात्र थिअरी टेस्टमध्ये तीनदा नापास झाली, आणि दर वेळी गाडी थांबण्याच्या अंतराचेच प्रश्न चुकतात. असं का होत असेल?’

तुमच्या वहिनींना मी भेटलेली नाही, परंतु मी ज्यांना गाडी शिकवते त्यांच्यात भारतातून आलेली, चांगला हात बसलेली माणसे बरीच असतात आणि नेमक्या याच जागी ती अडतात. त्यांपैकी एका बाईंची हकिकत सांगते, कारण त्यांची चूक कोठे होत होती हे आम्हाला एका संध्याकाळी अगदी स्पष्ट दिसले.

या बाई मूळच्या नाशिकच्या. भारतीय लायसन्सवर येथे 12 महिने गाडी चालवता येते; ती मुदत संपत आल्यावर त्यांनी परीक्षा देण्यास सुरुवात केली. बहुपर्यायी भागात 50 प्रश्न असतात, वेळ 57 मिनिटांचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी 43 उत्तरे बरोबर यावी लागतात. यांना तीन वेळा मिळून 42, 41 आणि पुन्हा 42 गुण पडले होते. थांबण्याच्या अंतरावर एका परीक्षेत प्रश्न असे कितीसे येणार? एखादा, फार तर दोन-तीन. पण 42 गुणांवर अडकलेल्या माणसाला तेवढे पुरतात.

गंमत अशी की मोबाइलवरच्या सराव चाचणीत त्यांना 48-49 गुण सहज मिळत. म्हणून मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला आणि पर्याय न देता चार प्रश्न विचारले. ताशी 30 मैल वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर एकूण किती अंतरात थांबते? ‘23 मीटर,’ उत्तर तत्काळ आले आणि ते बरोबर होते. ताशी 60 मैल वेग असताना ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर किती? ‘73.’ हे चुकले. 73 हे एकूण अंतर आहे, ब्रेकचे अंतर 55. वेग 30 वरून 60 झाला तर ब्रेकचे अंतर किती पटीने वाढेल? ‘दुप्पट.’ पुन्हा चूक. ताशी 50 मैल वेग आणि रस्ता ओला असेल तर? ‘53, तक्त्यात तेच दिले आहे ना!’ हायवे कोड या इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतला तो तक्ता कोरड्या रस्त्याचा आहे. ओल्या रस्त्यावर अंतर किमान दुप्पट, म्हणजे 106 मीटरच्या पुढे धरायचे असते.

चारपैकी तीन उत्तरे चुकली, तरी चूक एकच होती. त्यांच्या मनात प्रत्येक वेगाला एकच आकडा चिकटलेला होता: 30 ला 23, 50 ला 53, 60 ला 73. सरावाच्या अ‍ॅपमधला प्रश्न ओळखीच्या शब्दांत आला की तो आकडा बरोबर ठरत असे. पण परीक्षेतले खरे प्रश्न 2012 पासून प्रसिद्धच केले जात नाहीत. सरावासाठी मिळतात ते त्यांच्या धर्तीवरचे. शब्दरचना थोडी बदलली आणि ‘एकूण’ऐवजी ‘ब्रेकचे’ असे आले की पाठांतर उलटते, कारण चुकीच्या पर्यायांतही त्याच तक्त्यातले आकडे असू शकतात आणि ओळखीचा आकडा दिसला की बोट तिकडेच जाते.

वास्तविक हे अंतर दोन तुकड्यांचे बनते. समोरचे संकट डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी त्याच वेगाने पुढे जात असते. हा पहिला तुकडा, विचाराचा. ब्रेक लागल्यापासून चाके थांबेपर्यंतचा दुसरा. पहिला वेगाच्या प्रमाणात वाढतो: 30 ला 9 मीटर, 60 ला 18. दुसरा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा तशी वाढते: 30 ला 14 मीटर आणि 60 ला 55, म्हणजे जवळजवळ चौपट. हे एकदा कळले की तक्ता पाठ करावा लागत नाही. फुटांत हिशेब अधिक सोपा आहे: 20 ला 2 ने गुणावे, 30 ला अडीचने, 40 ला 3 ने, 50 ला साडेतीनने, 60 ला 4 ने आणि 70 ला साडेचारने. 60 गुणिले 4 म्हणजे 240 फूट, त्याला साधारण 3.3 ने भागले की 73 मीटर. त्यातला विचाराचा तुकडा वेगाइतकेच फूट, म्हणजे 60 फूट, आणि उरलेले 180 फूट ब्रेकचे.

एवढे समजावूनही बाईंचे मन 73 मीटर मानायला तयार नव्हते. ‘साठला एवढे लागत नाही हो, मी चालवली आहे,’ असे त्या म्हणाल्या, आणि मला वाटते खरी मेख तेथे होती. त्यांच्या अंगात भिनलेला साठ किलोमीटरचा होता. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सुमारे 37 मैल, आणि त्या वेगाला याच हिशेबाने सुमारे 32 मीटर पुरतात. म्हणजे त्यांचा अनुभव खोटा नव्हता, तो वेगळ्या साठचा होता. येथला साठ म्हणजे ताशी 96-97 किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काटा शंभराला टेकत आला आहे असे डोळ्यांसमोर आणा, असे मी म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘मग 73 कमीच वाटतात.’ नवशिक्या तरुणांना हा अडथळा येत नाही. त्यांच्याजवळ विसरण्यासारखा अनुभवच नसतो.

त्यानंतर आम्ही रस्त्यावर गेलो. हायवे कोडमध्ये गाडीची सरासरी लांबी 4 मीटर धरलेली आहे, म्हणून कडेला उभ्या केलेल्या गाड्या मोजत चाललो. 23 मीटर म्हणजे सहा गाड्या. 73 म्हणजे अठरा, आणि अठरावी येईपर्यंत आमची गल्ली संपत आली होती.

एक तक्रार मात्र मी नेहमी ऐकते: आताच्या गाड्यांचे ब्रेक चांगले आहेत, आमची गाडी याहून आधी थांबते. थांबत असेलही. उलट बाजूने, तक्त्यात विचारासाठी सेकंदाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग धरला आहे, आणि मुलांशी बोलत गाडी चालवणाऱ्या माणसाला तो पुरेल असे मला वाटत नाही. पण परीक्षेत आपल्या गाडीचा प्रश्न नसतो. तेथे तक्त्यातलेच उत्तर द्यावे लागते.

बाईंनी पुढच्या परीक्षेची तारीख तीन आठवड्यांनंतरची घेतली. तोवर अ‍ॅप उघडायचे नाही एवढीच माझी अट होती. रोज एक वेग घ्यायचा आणि दोन्ही तुकडे कागदावर वेगळे मांडायचे. चौथ्या वेळी त्यांना 46 गुण मिळाले. चुकलेल्या चारांत एक, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ट्रेलरवर सामान लादण्याविषयीचा होता.

वहिनींना हेच चार प्रश्न पर्याय न देता विचारून पाहा. पहिला बरोबर आणि पुढचे तीन चूक असे आले, तर त्यांच्याही डोक्यातला साठ बहुधा पुण्याचाच आहे.